स्पीड पूर्ण येतो, तरी कॉल तुटतो: पॅकेट लॉस घरात आहे की बाहेरच्या तारेत?

प्रश्न: स्पीड टेस्टला ४० एमबीपीएस येतात, तरी व्हॉट्सॲप कॉलवर शब्द गिळले जातात आणि गेममध्ये खेळाडू पुढे जाऊन परत मागे येतो. घरच्या घरी कसं तपासू?

लक्षणं पॅकेट लॉसचीच वाटतात, म्हणजे नेटवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, पॅकेट, वाटेत हरवतात. स्पीड टेस्टवर विसंबू नका. हरवलेलं पॅकेट तिथे पुन्हा मागवलं जातं, म्हणून थोडी गळती आकड्यात दिसत नाही. कॉलमध्ये पुन्हा मागवायला वेळच नसतो. जे हरवलं, तो अक्षराचा तुकडा गेलाच. गेममध्ये तुमची हालचाल सर्व्हरपर्यंत पोहोचली नाही, तर तो खेळाडूला जुन्या जागी आणून ठेवतो. आवाज अख्खा येतो पण उशिरा, आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, तो प्रकार वेगळा, ते लॅग.

आणखी एक खूण कॉलवरच मिळते. समोरच्याचे शब्द तुम्हाला तुटक येत असतील, तर गळती बहुधा तुमच्याकडे येणाऱ्या बाजूला. तुमचे शब्द त्यांना तुटक जात असतील, तर जाणाऱ्या बाजूला. पिंग म्हणजे पॅकेट पाठवून उत्तर येतंय का बघणं. तो जाऊन-येऊन एकत्र मोजतो, त्याला हा फरक कळत नाही. म्हणून कॉलवर विचारून घ्या. फक्त त्यांचं नेट खराब नाही ना, हे दुसऱ्या कोणाला कॉल लावून बघा.

आता तपासणी. लॅपटॉपवर `cmd` उघडा, `ipconfig` टाका आणि `Default Gateway` समोरचा पत्ता बघा. तो तुमचा राउटर. मग दोन खिडक्या उघडून एकाच वेळी दोन पिंग सोडा:

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

पहिल्या ओळीत तुमच्या राउटरचा पत्ता घाला. दुसरीतला `8.8.8.8` हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर. पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात घरात कोणी व्हिडिओ बघू नये, आणि हे तेव्हाच करा जेव्हा कॉल खरंच तुटतोय. सकाळी स्वच्छ आलेला निकाल रात्रीच्या तक्रारीला उपयोगी नाही.

राउटरलाच `Request timed out` येत असेल, तर दोष घरातला, बहुतेक वाय-फायचा. राउटरजवळ बसून किंवा लॅन केबल लावून पुन्हा करा. जाड भिंत नाहीतर टिनाचं छप्पर मध्ये असलं की असं होतंच. राउटरपर्यंत शून्य आणि `8.8.8.8` ला गळती, तर दोष बाहेर. ३०० मधलं एखादं हरवलं तर चिंता नको. गळती पुन्हापुन्हा दिसली तर मात्र लक्ष द्या.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी माझ्या घरचंच उदाहरण सांगतो. दिवाळीनंतर कापूस भरलेली ट्रॉली गल्लीतून जाताना वरून लोंबणाऱ्या फायबरला अडकली. तार तुटली नाही. कोणीतरी ती उचलून टिनाच्या कडेला खिळ्यावर बांधली, आणि त्याच दिवसापासून पुण्याच्या मुलीचा आवाज तुटायला लागला. डब्यावरचे दिवे हिरवेच होते, म्हणून केबलवाला फोनवर "लाइन ओके आहे" म्हणायचा. मी वरच्या दोन्ही कमांड चालवल्या. राउटरला ३०० पैकी ० हरवले, `8.8.8.8` ला १२, म्हणजे ४ टक्के. लॅन केबलने पुन्हा केलं तरी तसंच.

मग ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडून `Rx Power`, म्हणजे तारेतून डब्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश, बघितला: -29.6 dBm. हा आकडा उणे असतो. जितका शून्याकडे, तितका प्रकाश जास्त. गावोगावी लागतात त्या बहुतेक जीपॉन, म्हणजे फायबरच्या, डब्यांना साधारण -27 पर्यंतच भरवसा असतो. त्याखाली लाल दिवा लगेच लागतोच असं नाही, पण बिट चुकायला लागतात आणि पॅकेट गळतात. फायबरमध्ये प्रकाश वाकणात बाहेर निसटतो, आणि खिळ्यावर तारेला बोटाएवढं घट्ट वेटोळं घातलेलं होतं. लाइनमन आला, वेटोळं सोडून मोठा वळसा दिला, दबलेला तुकडा कापून नवीन जोड मारला. पॉवर -22 वर आला. पुन्हा ३०० पिंग, एकही हरवला नाही.

तुम्ही वेटोळं स्वतः सोडायला जाऊ नका. आतली काच तुटली तर लाइनच बंद पडेल. जोडाच्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करू शकतो.

एक चूक टाळा. `tracert` ही कमांड सर्व्हरपर्यंतच्या वाटेतले टप्पे दाखवते. त्यात मधल्या एखाद्या टप्प्यावर `*` अशा चांदण्या दिसल्या की लोक तोच दोष धरतात. पुढचे टप्पे नीट उत्तर देत असतील, तर मधला राउटर फक्त या तपासणीला उत्तर देत नाही एवढंच. गळती तिथून शेवटपर्यंत टिकली, तरच ती खरी.

तक्रार करताना दोन्ही पिंगच्या शेवटच्या ओळींचे फोटो, वेळ, आणि `Rx Power` चा आकडा पाठवा. "नेट स्लो आहे" म्हटलं की स्पीड टेस्ट करायला सांगतात. "राउटरपर्यंत शून्य, बाहेर ४ टक्के, पॉवर उणे २९" म्हटलं की माणूस शिडी घेऊन येतो.