सुपर निन्टेंडोचे चित्र : आकार, लुकलुक आणि शेडरची निवड

प्रश्न : जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या रेट्रोआर्कमध्ये Snes9x कोअरवर सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलचे गेम १०८०पी टीव्हीवर खेळतो. आधी सगळे चित्र रुंद दिसायचे, पात्रे जाडजूड. ४:३ केल्यावर आकार सुधारला, पण पडदा सरकू लागला की भिंतीच्या विटा आणि अक्षरे लुकलुकतात. Integer Scale चालू केले तर चारी बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, लुकलुक कमी झाली पण गेली नाही. शेडर, म्हणजे चित्र पडद्यावर जाण्याआधी त्यावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्राम, लावावा का? की सरळ नवा मॉनिटर घ्यावा?

उत्तर :

हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. चित्र रुंद दिसणे हा गुणोत्तराचा प्रश्न आहे आणि तो आपण सोडवलेलाच आहे. लुकलुक होते ती मूळ चित्रातील सगळे पिक्सेल पडद्यावर सारख्या मापाचे होत नाहीत म्हणून. `Integer Scale` या पर्यायाने आपल्याकडे उंचीची मापे सारखी झाली, पण रुंदीची झाली नाहीत. उरलेली लुकलुक त्या रुंदीची आहे.

आधी आकाराबद्दल थोडे, कारण पुढचे गणित त्यावरच उभे आहे. या कन्सोलचे नेहमीचे चित्र २५६ × २२४ पिक्सेलचे असते. ते त्या काळच्या ४:३ टीव्हीवर पसरून दिसत असे, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा किंचित रुंद व्हायचा. अमेरिकी आणि जपानी कन्सोलच्या विद्युतसंकेतावरून काटेकोर हिशेब केला तर पिक्सेलचे गुणोत्तर ८:७ येते, आणि २२४ ओळी नेमक्या ४:३ चौकटीत बसवल्या तर ७:६ येते. दोहोंत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे आणि खेळताना तो डोळ्याला कळत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नये. `Settings → Video → Scaling` मध्ये `Aspect Ratio` हा पर्याय `Core Provided` किंवा `4:3` यांपैकी कशावरही ठेवावा. `Full` ठेवल्यास चित्र १६:९ मध्ये ताणले जाते आणि ४:३ च्या मानाने एक तृतीयांश जास्त रुंद होते. आपली पात्रे त्यामुळेच जाडजूड दिसत होती. `1:1 PAR` मध्ये पिक्सेल चौरस होतात आणि चित्र साधारण बारा टक्के अरुंद दिसते. काही चित्रकारांनी चौरस कागदावर वर्तुळे काढली, काहींनी टीव्हीवरचा फुगवटा गृहीत धरून काढली, आणि एकाच गेममध्ये दोन्ही प्रकार सापडू शकतात, त्यामुळे सगळीकडची वर्तुळे गोल दिसतील असे एकच गुणोत्तर नाही. माझे मत ४:३ च्या बाजूने आहे, कारण लोकांनी हे गेम घरी तसेच पाहिले.

आता लुकलुकीकडे येऊ. १०८०पी पडद्यावर ४:३ चित्र पूर्ण उंचीचे केले की ते १४४० × १०८० होते. रुंदीचे १४४० पिक्सेल मूळच्या २५६ स्तंभांत वाटायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला ५.६२५ येतात. पडद्यावर अर्धामुर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून दर आठ स्तंभांपैकी पाच स्तंभ सहा पिक्सेल रुंद होतात आणि तीन स्तंभ पाच. अक्षरांतला `H` घ्या. त्याची डावी दांडी सहा पिक्सेलांची आणि उजवी पाचाची झालेली असू शकते. चित्र स्थिर असताना हे फारसे खटकत नाही. पार्श्वभूमी एक स्तंभ सरकली की त्याच दांड्या शेजारच्या जागेवर जातात आणि त्यांची जाडी बदलते, पुढच्या फ्रेमला पुन्हा बदलते. विटांच्या भिंतीवर अशा शेकडो कडा एकाच वेळी जाड-बारीक होत असतात, आणि आपल्याला दिसणारी लुकलुक ती हीच.

`Integer Scale` चालू केल्यावर रेट्रोआर्कने २२४ ओळींची चौपट, म्हणजे ८९६ उंची घेतली, कारण पाचपट केली तर ११२० होते आणि पडदा १०८० चाच आहे. उंची अशी नेमकी झाली. पण ४:३ राखायचे तर रुंदी सुमारे ११९५ ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक स्तंभाला साधारण ४.६७ पिक्सेल. तिथे दर तीन स्तंभांपैकी दोन पाचाचे आणि एक चाराचा होतो. याची खातरजमा आपण स्वतः करू शकता : ज्या गेममध्ये पडदा वरखाली सरकतो तो लावून पाहा, तिथे चित्र शांत असेल, डावीउजवीकडे सरकताना मात्र उभ्या कडा हलतील. नव्या आवृत्त्यांत पूर्णांकाची सक्ती कोणत्या अक्षावर करायची हेही निवडता येते, पण १०८०पी वर रुंदीवरही सक्ती केली तर चार किंवा पाच यांतून निवडावे लागते. चार घेतले तर चित्र बारा टक्क्यांहून अधिक अरुंद होते, पाच घेतले तर सात ते नऊ टक्के जास्त रुंद. म्हणजे लुकलुक घालवण्यासाठी आकार बिघडवायचा, आणि हा सौदा मला पटत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक तपासणी करावी. गेम पॉज करून अक्षरांच्या दांड्या जवळून पाहाव्यात. जाडी कमीजास्त असेल तर दोष स्केलिंगचा आहे. जाडी सारखी असून फक्त एखादी सावली किंवा ढाल खेळताना उघडझाप करत असेल, तर ती गेमनेच एक फ्रेम दाखवून आणि एक फ्रेम लपवून साधलेली पारदर्शकता असू शकते. तिला कोणतेही स्केलिंग हात लावत नाही. आणि कडा नीट असून सगळेच चित्र मधूनमधून हिसका खात असेल, तर तो फ्रेमच्या वेळेचा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे `Video → Synchronization` मध्ये शोधावी लागतात.

आपल्या टीव्हीसाठी मी `sharp-bilinear` हा शेडर सुचवेन. तो आधी चित्र पूर्णांक पटीत मोठे करतो आणि उरलेला अपूर्णांक फक्त कडेच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळून भरून काढतो. वरच्या `H` ची दांडी मग चार-पाच पूर्ण पिक्सेलांची राहते, आणि तिच्या कडांना उरलेल्या भागाच्या प्रमाणात फिकट छटा येतात. दांडी सरकली की त्या छटांची वाटणी बदलते, पण एकूण जाडी डोळ्याला तितकीच वाटते. साध्या `Bilinear Filtering` मध्ये आणि यात मोठा फरक आहे. साधे फिल्टर एका मूळ पिक्सेलपासून पुढच्यापर्यंत सगळी जागा पुसट करते, म्हणजे आपल्या पडद्यावर पाचसहा पिक्सेल रुंदीची धूसर किनार येते. इथे ती फार तर एका पिक्सेलची असते आणि सोफ्यावरून दिसतही नाही.

शेडरच्या फायली नसतील तर `Online Updater` मधून `Update Slang Shaders` करावे. मग गेम चालू असताना `Quick Menu → Shaders` मध्ये जाऊन `sharp-bilinear.slangp` ही फाइल लोड करावी. व्हिडिओ ड्रायव्हर `gl` असेल तर त्याला `.glslp` फायली लागतात, म्हणून यादीत `slang` दिसत नसेल तर ड्रायव्हर `vulkan` किंवा `glcore` करून पाहावा. हा शेडर अगदी हलका असल्याने जुन्या लॅपटॉपलाही जड जात नाही. जमले की `Save Core Preset` करावे, म्हणजे तो फक्त याच कोअरला लागू राहील. हे झाल्यावर `Integer Scale` बंद करण्यास हरकत नाही. काळ्या पट्ट्या फक्त डावीउजवीकडे उरतील आणि चित्र पूर्ण उंची भरेल.

पूर्णांक उंचीचा आग्रह धरावा असे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा दाखवणारे सीआरटी शेडर. अशा शेडरमध्ये प्रत्येक मूळ ओळीला उजळ भाग आणि खाली काळसर रेघ हवी असते. १०८० मध्ये २२४ ओळी भरल्या तर दर अठ्ठावीस ओळींत तेवीस ओळी पाच पिक्सेलांच्या आणि पाच ओळी चाराच्या होतात, त्यामुळे रेघांची जाडी सारखी न राहता चित्रभर आडवे पट्टे उमटतात. निळे आकाश किंवा एकरंगी मेनू समोर आला की ते लगेच दिसतात. तेव्हा सीआरटी शेडर हवा असेल तर `Integer Scale` चालू ठेवावे आणि पाचपट करण्याचा, म्हणजे ओव्हरस्केलचा, पर्याय निवडावा. उंची ११२० होईल आणि वरच्या-खालच्या फक्त चार-चार मूळ ओळी कापल्या जातील. जुने टीव्ही कडेच्या ओळी लपवतच असत, त्यामुळे बहुतेक गेममध्ये काही हरवत नाही. तरी गुण किंवा जीव अगदी कडेला दाखवणारा गेम असेल तर आधी पाहून घ्यावे. प्रत्येक ओळीला पाच पिक्सेल मिळाले की रेघा स्वच्छ उमटतात. सुरुवातीला `zfast-crt` घ्यावा, तो हलका आहे. `crt-geom` घेतल्यास १०८०पी वर त्यातील वक्रता बंद करावी, कारण पडदा वाकवला की ओळींची मापे पुन्हा असमान होतात आणि पट्टे परत येतात. सीआरटी शेडरने चित्र मंद होते, तेवढा टीव्हीचा बॅकलाइट वाढवावा. शेडरवर शेडर चढवून `sharp-bilinear` ही सोबत लावण्याची गरज नाही. हे दोन्ही शेडर आडव्या दिशेचे मिश्रण स्वतःच करतात.

हे सगळे करूनही कडा असमान दिसल्या तर टीव्हीकडे पाहावे. पुष्कळ टीव्ही एचडीएमआयवरून आलेले चित्रही थोडे मोठे करून कडा कापतात, आणि मग संगणकाने नेमके बसवलेले प्रत्येक माप पडद्यावर पुन्हा विस्कटते. ओळखण्याची खूण सोपी आहे : विंडोजच्या टास्कबारची खालची कड पूर्ण दिसत नसेल तर टीव्ही चित्र मोठे करतो आहे. त्याच्या मेनूत `Just Scan`, `Screen Fit` किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो चालू करावा. त्या इनपुटला पीसी असे नाव किंवा मोड देता येत असेल तर तेही करावे, कारण अनेक टीव्ही एरवी रंगांचा तपशील निम्म्यावर आणतात आणि सीआरटी शेडरची बारीक रंगीत जाळी गढूळ दिसते.

मॉनिटरसाठी आज खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. पुढे कधी घेतलाच तर या कन्सोलसाठी १४४०पी पडदा विलक्षण जुळतो : उंची सहापट केली की १३४४ आणि रुंदी सातपट केली की १७९२ होते, आणि ही मापे नेमकी ४:३ आहेत. तिथे दोन्ही दिशांना पूर्णांक मिळतो, कडा मिसळाव्या लागत नाहीत आणि वरखाली फक्त ४८-४८ पिक्सेलांची पट्टी उरते. ४के वर उंची नऊपट आणि रुंदी दहापट घेतली तर २५६० × २०१६ चे चित्र होते, जे ८:७ च्या हिशेबाने तीन टक्क्यांहून कमी अरुंद आहे. शिवाय प्रत्येक ओळीला नऊ पिक्सेल मिळत असल्याने सीआरटी शेडरच्या रेघा तिथे १०८०पी पेक्षा बऱ्याच मऊ आणि खऱ्यासारख्या दिसतात.