कडबा कुट्टी स्वस्त करताना काय कापलं आणि काय कापू दिलं नाही

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. महागडी वस्तू गरीब माणसाला परवडेल अशी करायची, पण दर्जा घसरू द्यायचा नाही, अशा काही कल्पना सुचवाल का?

उत्तर:

यादी देणार नाही. एकच मशीन सांगतो, कारण त्यावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही आणि तुझ्या प्रश्नातलं "पण दर्जा घसरू द्यायचा नाही" हे वाक्य वाचून ते परत वर आलं.

आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. पूर्वी इंजिनाचे सुटे भाग, मग पंपाचे, आणि गेली बरीच वर्षं कडबा कुट्टी. ज्याच्या गोठ्यात दहा जनावरं आहेत त्याच्यासाठी बाजारात मशीन भरपूर. तीन एचपीची मोटर, थ्री फेज, रुंद तोंड, तासाला ढीगभर चारा. पण करवीर-कागलकडची बरीचशी दूध घालणारी माणसं दोन म्हशींवर जगतात. त्यांच्या घरी थ्री फेज नसते, आणि मशीनची किंमत ऐकून ती परत विळ्याकडं वळतात. विळ्यानं चिरलेला लांब चारा म्हैस निवडून खाते, जाड धांडा तसाच गव्हाणीत राहतो आणि शेणात जातो. तोटा तिथं आहे.

तर स्वस्त करायचं म्हणजे पहिल्यांदा काय केलं, तर कामच मोजलं. दोन म्हशींना दिवसाला पन्नास-साठ किलो ओला चारा धरला, तर मशीन रोज दहा-पंधरा मिनिटं चालणार. तासाला टनभर चारा कापायची ताकद त्या माणसानं विकत का घ्यायची? तोंड अरुंद केलं की एका वेळी आत जाणारी पेंडी लहान होते आणि पात्यावर येणारा झटका कमी होतो. मग मोटर लहान चालते. किमतीतला सगळ्यात मोठा तुकडा मोटरच असतो, रंग आणि नटबोल्ट नव्हे. लोक रंगात पैसे वाचवायला जातात, हसू येतं.

पण लहान मोटरची एक अडचण आहे आणि इथंच खरी गोम आहे. कापायचं काम सलग नसतं, झटक्याझटक्यानं येतं. आमच्या चाकावर दोन पाती, चाक मिनिटाला 600 फेरे, म्हणजे सेकंदाला वीस काप. दोन कापांमधल्या वेळात एक एचपीची मोटर साधारण 37 ज्यूल काम देते. मक्याचा जाड धांडा किंवा उसाच्या वाढ्याची गच्च पेंडी एकदम आत गेली तर तेवढ्यावर भागत नाही. उरलेलं काम चाकानं द्यायचं असतं. दोन फूट व्यासाचं ओतीव चाक, त्यातलं पंचवीस किलो वजन कडेला, तर 600 फेऱ्यांवर त्यात सुमारे चार हजार ज्यूल साठलेले असतात. म्हणजे मोटरनं पाच सेकंद राबून केलेलं काम चाकात शिल्लक. पेंडी आली की चाक त्यातलं थोडं खर्च करतं आणि पुढच्या मोकळ्या क्षणात मोटर ते भरून काढते. तीन एचपीच्या जागी एक एचपी चालली ती या हिशेबानं. तांब्याच्या वायंडिंगपेक्षा ओतीव लोखंड किलोला कितीतरी स्वस्त, आणि आपल्या गावात फाउंड्री म्हणजे घराशेजारचं दुकान. महाग वस्तू काढली, तिच्या जागी इथं स्वस्त मिळणारी जड वस्तू घातली. एवढीच "कल्पना".

बाकी कापलं ते असं. मशीन ओढून न्यायची चाकं काढली, गोठ्यात ते एकाच जागी असतं. स्टँड अँगलचा, चार बोल्टवर जमिनीत. ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो पॅटर्न हातानं फिरवायच्या मशीनचाच वापरला, त्यामुळं नव्या पॅटर्नचा खर्च नाही आणि ज्याला मोटर झेपत नाही त्याला तेच मशीन दांडा लावून देता येतं. वर्षभरानं पैसे आले की तो पुली आणि मोटर लावून घेतो. हप्त्यापेक्षा हे लोकांना जास्त पटलं.

आता भांडण. माल विकायचं काम आमचे थोरले बंधू बघायचे. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर देऊ केली, पण त्याला आणखी स्वस्त पाहिजे होतं. त्याच्या तीन अटी होत्या: चाक हलकं करा, पाती भंगारातल्या कमानीच्या पाट्याची लावा, आणि चारा आत सारायची लांब पत्र्याची नाळ अर्ध्यात कापा. दादाचं म्हणणं, "गरिबाला स्वस्त लागतंय, तू कशाला शहाणपणा करतोस?" मी नाही म्हणालो. ऑर्डर दुसरीकडं गेली, आणि आजही सणाला जेवायला बसलं की तो विषय निघतो. दादा, हे वाचत असशील तर पुढचं नीट वाच.

चाक हलकं केलं तर काय होतं? कडेचं वजन पंचवीसवरून आठ किलोवर आलं की साठा तेराशे ज्यूलच्या आत येतो. रिकामं मशीन दुकानात एकदम झकास पळतं, उलट चटकन वेग घेतं म्हणून गिऱ्हाईक खूश. गोठ्यात मात्र संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे 230 ला जेवढा होता त्याच्या साठ टक्के. त्यात पेंडी आली, चाक मंदावलं, मोटर जादा करंट ओढायला लागली, वायंडिंग तापलं. वार्निशचा जळका वास आला की समजायचं. एका पावसाळ्यात मोटर जळते आणि रिवाइंडिंगला वाचवलेले पैसे जातात. असली मशीन आमचीच समजून लोक आमच्या दारात घेऊन आले, कारण आकार आमच्या मशीनसारखाच काढला होता.

कमानीचा पाटा म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचं पोलाद. पोलाद चांगलंच असतं, लोहाराच्या विळ्या-कोयत्याला उत्तम. पण भंगारातला पाटा लाखो हेलकावे खाऊन आलेला असतो, त्यात केसाएवढी चीर असली तर डोळ्याला दिसत नाही. विळा तुटला तर हातात मूठ राहते. मिनिटाला 600 फेरे घेणाऱ्या चाकावरचं पातं तुटलं तर ते कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणून पातं नव्या पोलादाचं, पाणी देऊन कडक केलेलं, आणि दोन्ही पाती एका वजनाची. धार लावतानाही दोन्हीला सारखी, नाहीतर चाक हादरतं आणि बेअरिंग जातं.

पात्याइतकीच महत्त्वाची त्याच्यासमोरची अडणी, म्हणजे ज्या स्थिर कडेवर चारा कापला जातो ती, आणि दोघांमधली फट. ही बघायची सोपी रीत अशी. वीज काढायची, पट्टा उतरवायचा, वर्तमानपत्राचा एकच कागद लांब दांडीनं तोंडाशी धरायचा आणि चाक बाहेरून कडेला धरून सावकाश फिरवायचं. कागद सरळ कापला गेला तर ठीक. तो दुमडून फटीत ओढला गेला किंवा फाटला तर फट जास्त आहे किंवा धार गेलेली आहे. मका अशा मशीनवरही कापला जातो, म्हणून विकताना मक्यावर दाखवतात. खरी परीक्षा उसाच्या वाढ्याच्या पाल्यावर. पाला पातळ आणि चिवट, फटीत दुमडतो आणि चारा आत ओढणाऱ्या रोलरला गुंडाळतो. मशीन घेणाऱ्यानं वाढ्याची मोळी बरोबर न्यावी, विकणारा कुरकुरला तर उठून यावं.

आणि नाळ. ती लांब असते ती रोलरपर्यंत हात पोचू नये म्हणून. पत्रा अर्धा कापला की किमतीत फरक अगदी किरकोळ पडतो, पण पेंडी ढकलताना पंजा आत जातो. रोलर थांबवून उलटा फिरवायचा दांडासुद्धा आम्ही ठेवला, महाग पडला तरी. रोलर हात धरतो तेव्हा माणसाला स्विचपर्यंत पोचता येत नाही, दांडा मात्र हाताशी असतो. यावर चर्चा करायला मी तेव्हाही तयार नव्हतो, आताही नाही.

आता जड चाकाचे तोटेही सांगतो, नाहीतर म्हणशील सगळं गोडच सांगितलं. सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ मोटरचं सुरुवातीचं वायंडिंग तापतं. म्हणून मशीन रिकामं सुरू करायचं आणि सारखं बंद-चालू करायचं नाही. बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं. पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, बोटं याच वेळी जातात. शिवाय ओतकाम चांगलं पाहिजे. चाक टांगून हातोडीनं हलकं वाजवायचं, घंटेसारखं वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत भट्टीत. ओतीव चाकाची कड सेकंदाला 30 मीटरच्या आत ठेवायची असा जुना नियम आहे. आमची 19 ला असते. पण काही बहाद्दर काम लवकर उरकावं म्हणून मोटरला मोठी पुली बसवतात, 1000 फेऱ्यांवर नेतात, आणि कड 31 वर जाते. ती पुली आमची नव्हे हे मी बिलावर लिहून देतो.

तुझ्या मूळ प्रश्नाचं म्हणशील तर जयपूर फूट बघ. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. सेठी यांनी 1960 च्या दशकात जयपूरला तो केला. परदेशी पायाला बूट लागायचा, त्यात मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, चिखलात चालता येत नव्हतं. यांनी रबर आणि लाकूड वापरून हे सगळं जमणारा पाय केला. किंमत उतरली, पण आधी "हा माणूस दिवसभर करतो काय" हे बघितलं होतं. आमच्या मशीनला त्याच्या शेजारी बसवत नाही, पण सुरुवात तिथूनच होते. प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर आधी मोटर, पंप, बॅटरी यातलं किमतीचं सगळ्यात मोठं ओझं कुठल्या भागाचं आहे ते वजनकाट्यावर आणि बिलावर बघ, आणि तो भाग दिवसातून किती मिनिटं खरंच राबतो ते गोठ्यात उभं राहून बघ. गाईडला विचारू नकोस, त्यांना सेन्सर लावलेलं काहीतरी पाहिजे असतं.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की वाढ्यांचा हंगाम लागतो. तेव्हा ये उद्यमनगरात, सकाळी अकराच्या आत. वाढ्याची मोळी येताना घेऊन ये, आमच्याकडं ठेवलेली वाळलेली असते आणि वाळल्यावर फटीचा दोष कळत नाही.