इंग्लंडच्या शाळेत टीचर स्वतः सिलॅबस ठरवतो का?

"दादरला एसएससी बोर्डाच्या शाळेत इतिहास शिकवते, 8 वर्षं झाली. इंग्लंडमध्ये सेकंडरीला जॉब बघतेय. तिकडे काय शिकवायचं ते टीचरच ठरवतो म्हणतात, खरंय का ताई?"

अर्धं खरंय गं. मी परळची, मीही हेच ऐकून आलेले. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक हातात आलं की विषय संपला, धडा कुठला, किती मार्कांचा, सगळं वरून. इथे 11 ते 14 वयाच्या मुलांसाठी इतिहासाचा नॅशनल करिक्युलम म्हणजे जेमतेम पाचेक पानं, आणि त्यात नावानिशी सक्तीचा टॉपिक एकच, होलोकॉस्ट. बाकी कालखंड दिलेत, त्यांच्याखाली उदाहरणं, ती घ्या नाहीतर घेऊ नका. सरकारचं पाठ्यपुस्तक नाहीच.

पण ही मोकळीक शाळेची असते, तुझी नाही. कोणते टॉपिक, किती तास हे इतिहासाचं डिपार्टमेंट ठरवतं, त्याला स्कीम ऑफ वर्क म्हणतात. काही ट्रस्टच्या शाळांत तर स्लाइड्ससुद्धा तयार येतात, फक्त दाखवायच्या. अकॅडमी शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतो त्या शाळांना, तर नॅशनल करिक्युलमही बंधनकारक नसायचा, डिसेंबर 2024 ला आलेल्या बिलात तो त्यांनाही लावायचं म्हटलंय.

माझा घोळ सांगते. पहिल्या वर्षी आठवीला ईस्ट इंडिया कंपनीचं युनिट होतं, सहा तासांचं. मला वाटलं, अरे हे तर आपलंच, म्हणून मी 1802 चा वसईचा तह घेतला. दुसऱ्या बाजीरावाने संरक्षणाच्या बदल्यात कंपनीची फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी मुलूख लिहून दिला, मुलांना कलमं वाचायला लावली आणि विचारलं, सही कोणी केली आणि कशामुळे? वर्ग असला रंगला, एक मुलगा म्हणाला "मिस, हे तर भाड्याने घेतलेले गुंड झाले", पण सहाचे नऊ तास झाले की! पुढचं युनिट कापडगिरण्यांचं, ते तीन तासांत उरकलं, आणि टर्मच्या शेवटी चारही वर्गांना एकच पेपर, त्यात निम्मे प्रश्न गिरण्यांवरचे. माझा वर्ग सगळ्यात मागे. हेडने ओरडा नाही केला, फक्त विचारलं, "तह ठेवायचा असेल तर काय काढणार?" मी कंपनीच्या वखारींचा तास काढला, तह एका तासात बसवला आणि आता तो चारही वर्गांत शिकवतात.

माझ्या मते टॉपिक आणि पेपर कॉमन असावेत, उदाहरण आणि सोर्स टीचरचे. जीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, वर्गांना एवढीही सूट नाही, तिथे बोर्डाचं स्पेसिफिकेशन, म्हणजे ठरलेला सिलॅबस.

इंटरव्ह्यूला "फ्रीडम आहे का" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार, स्लाइड्स बदलता येतात का, टर्मचा पेपर कोण काढतं आणि स्कीममध्ये शेवटचा बदल कोणी सुचवलेला.