चाळणी नलिकेतली चाळणी आणि तिची सहकोशिका

"परिकाष्ठातल्या चाळणी नलिकेतली चाळणी नक्की काय चाळते? आणि बाजूच्या पेशीला सहकोशिका का म्हणतात, नुसती चिकटून असते म्हणून?"

चाळत काहीच नाही. परिकाष्ठ म्हणजे झाडात साखर वाहून नेणारा भाग, त्यातल्या नलिकेत लांबट पेशी एकीवर एक रचलेल्या असतात आणि दोघींमधल्या आडव्या भिंतीला भोकं असतात, ती मायक्रोस्कोपखाली चाळणीसारखी दिसतात एवढंच. साखरेचा रस न गाळता त्यातून पुढे जातो.

आपल्या कोकणात हे समजून घ्यायला माडीचा माड सगळ्यात चांगला. न उमललेली पोय बांधून तिचं टोक कापतात आणि मडक्यात जो रस ठिबकतो तो या नलिकांमधलाच. बरेच जण त्याला मुळांनी ओढलेलं पाणी समजतात, पण ते पाणी जलवाहिन्यांतून जातं आणि त्यात साखर नगण्य असते, ताज्या निरेत मात्र ती शेकडा १५ च्या आसपास असते. झावळांमध्ये तयार झालेली साखर नलिकेत भरली जाते, तिच्यामागे शेजारच्या जलवाहिन्यांतून पाणी आत शिरतं, दाब चढतो आणि जिथे साखर खर्च होतेय तिकडे रस ढकलला जातो. १९३० मध्ये म्यूंख या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेली कल्पना ती हीच. कापल्यावर या दाबानेच रस बाहेर येतो, पण झाड लगेच भोकांवर कॅलोज नावाचा पदार्थ बसवून गळती थांबवायला लागतं. म्हणून माडी काढणारा रोज वर चढून त्याच टोकाची अगदी पातळ चकती उतरवतो, बुजलेला भाग गेला की धार परत सुरू.

आता सहकोशिका. रसाला वाट मोकळी हवी म्हणून नलिकेची पेशी तयार होताना आपलं केंद्रक, रायबोसोम, मोठी रिक्तिका सगळं घालवून बसते. तरी ती मेलेली नसते, मरून चालणारच नाही, कारण भोवतीचं पटल जिवंत नसेल तर साखर आत राहणार नाही आणि दाब टिकणार नाही. मग प्रथिनं कोण बनवणार? सहकोशिका. दोघी एकाच मातृपेशीच्या विभाजनातून जन्मतात, हिने केंद्रक राखलेलं असतं, आत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात आणि मधल्या भिंतीतल्या बारीक वाटांनी ती प्रथिनं नि ऊर्जा पलीकडे पोचवते. बऱ्याच झाडांत साखर आत ओढायचं कामही तीच करते, एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर पंप करते आणि ते परत आत येताना सुक्रोज सोबत घेऊन येतात. नुसता शेजार असता तर सहकोशिका हे नाव मला पटलं नसतं.

आणि माडात तर ही सोबत फार लांबते. आंब्याच्या खोडात वाढीचा एक थर नवं परिकाष्ठ तयार करत राहतो, माडाला मात्र तो थरच नसतो, त्यामुळे पन्नास वर्षांच्या माडाच्या बुंध्यातल्या नलिका जवळपास तेवढ्याच जुन्या, केंद्रकाशिवाय, आणि तरी साखर वाहतायत.