बॅकऑर्डरची तारीख दर वेळी पंधरा दिवस पुढे जाते तेव्हा

प्रश्न: परभणीकडचा शेतकरी आहे. सोयाबीनच्या फवारणीसाठी २० मे ला ऑनलाइन बॅटरी पंप घेतला, पूर्ण पैसे भरले. ‘बॅकऑर्डर, १२ कामकाजाच्या दिवसांत डिस्पॅच’ असं लिहिलं होतं. मग १० जून झालं, मग २५ जून, आता १० जुलै म्हणतात. थांबू की रद्द करू?

रद्द करा. तारखा बघा ना, दर वेळी बरोबर पंधरा दिवसांनी सरकतात. माल खरंच वाटेत असेल तर तारीख अशी मोजून मापून हलत नाही. कधी चार दिवस, कधी आठवडा, आणि सोबत काहीतरी कारण कळतं. मला वाटतं, विक्रेत्याला पुरवठादाराकडून काहीच कळलेलं नाही आणि तो आकडा पुढे ढकलतोय. प्रीऑर्डर असती तर गोष्ट वेगळी, तिथे वस्तूच बाजारात यायची असते. तुमचा पंप चालू माल आहे, फक्त साठा संपलाय. तरी खात्री करायचीच तर एवढंच विचारा: ‘पुरवठादाराकडून माल कोणत्या तारखेला निघाला?’ तारीख सोडून दुसरं काहीही उत्तर आलं की समजा, निघालेला नाही.

शिवाय १० जुलै ही डिस्पॅचची तारीख आहे, घरी पोचायची नाही. गावाच्या पिनकोडला आणखी चार-सहा दिवस धरा. समजा पेरणी २० जूनला झाली. उगवणीनंतरचं तणनाशक साधारण पंधरा ते वीस दिवसांत मारायचं असतं, म्हणजे ५ ते १० जुलै. पंप येईल तोवर तण हाताबाहेर गेलेलं असेल. तणाला कुठे विक्रेत्याची तारीख कळते!

रद्द करताना फोनवर बोलून सोडू नका, ईमेल करा. ऑर्डर नंबर द्या आणि मूळ वायद्याचा स्क्रीनशॉट जोडा. २० मे पासून १२ कामकाजाचे दिवस म्हणजे जूनचा पहिला आठवडा, तीच तुमची खरी मुदत. ‘नवीन तारीख मान्य आहे’ असं बटण आलं तर दाबू नका, नाहीतर मुदत तुम्हीच वाढवून दिली असं ते म्हणतील. आणि रद्द करायला गेलात की अचानक ‘डिस्पॅच झालं’ असा मेसेज येऊ शकतो. कुरिअरच्या साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून बघा. नुसतं लेबल बनलंय, पिकअपची नोंद नाही, तर माल अजून गोदामातच आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कबूल वेळेनंतर आलेला माल परत घेऊन पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तरच सूट. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. पोचसुद्धा आली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ असा डिस्प्यूटही टाका. त्याला मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.

पैसे परत येईपर्यंत फवारणी अडवू नका, गावात कुणाचा पंप भाड्याने मिळतो का बघा.