आधी थांबा, मग फलक

*ताई, माझं माहेर बेळगावचं, म्हणून मला कन्नड वाचता येतं. सासरे मोठ्या दिरांकडे बेंगळुरूला असतात. काचबिंदूमुळे त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत. बाहेर पडले की फलकाचा फोटो पाठवतात आणि फोन लावतात. मी शब्दन् शब्द मराठीत सांगते. मागे हॉर्न वाजत असतात, म्हणून ओरडून सांगते. तरी ‘मुद्द्याचं सांग’ म्हणून चिडतात. माझं काय चुकतं?*
*– स., पुणे*

अगं, हॉर्न वाजत असतात हे तू ओझरतं लिहून गेलीस आणि मी तिथेच अडकले. म्हणजे बाबा वाहत्या रस्त्याच्या कडेला उभे असतात आणि तू त्यांना खात्याचं नाव वाचून दाखवत असतेस! त्यांचं चिडणं मला पटतं.

रस्त्याच्या कामाच्या फलकावर बहुतेक वेळा खात्याचं नाव वर असतं, कंत्राटदार आणि फोन नंबर तळाशी. कामाची गोष्ट मध्ये दडलेली असते. बाणाला तर अक्षरंच नसतात, म्हणून ‘शब्दन् शब्द’ वाचणारीकडून तो हमखास सुटतो.

समज, फोटोत ‘कामगारी प्रगतियल्लिदे, निधानवागि चलिसि’ असं आहे, खाली डावीकडे बाण आहे आणि फलकामागे मातीचा ढीग दिसतोय. तुझं पहिलं वाक्य असं हवं : ‘बाबा, थांबा. पुढे काम चालू आहे, माती टाकलीय.’ (ही कामगारी म्हणजे बांधकाम, दुरुस्ती, आपली कामगिरी नव्हे.) मग : ‘फलकाकडे तोंड करून उभे असाल, तर बाण तुमच्या डाव्या हाताला आहे.’ ते बोलता बोलता वळले असतील तर नुसतं ‘डावीकडे’ म्हणणं त्यांना उलट्या बाजूला नेईल. ‘सावकाश चला’ हे गाडीवाल्यांसाठी आहे, ते सोडून दे.

पण सोडलंस ते लपवू नकोस. ‘खाली कंत्राटदाराचं नाव आणि नंबर आहे, हवा का?’ एवढं विचार. नको म्हणायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. नंबरातला एखादा आकडा पुसट असेल तर अंदाजाने सांगू नकोस. ‘शेवटचा आकडा दिसत नाही, जरा जवळून काढा’ म्हण.

आणि ‘रस्ता मोकळा आहे, जा’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधीच निघू नये. फोटो दोन मिनिटांपूर्वीचा असतो, चौकटीबाहेरचा खड्डा किंवा मागून येणारी दुचाकी त्यात नसते. तिथे त्यांची काठी आणि कान तुझ्यापेक्षा जास्त जाणतात.

पुढचा फोन आला की फोटो उघडायच्या आधी विचार, ‘बाबा, रस्ता सोडून आत उभे आहात ना?’ ते हो म्हणेपर्यंत एक अक्षरही वाचू नकोस.