‘हाय’ला चार दिवस उत्तर नाही, आता पुढे काय करावं?

प्रश्न: जुन्या ऑफिसमधल्या सीनियर मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हाय मॅडम’ पाठवलं. चार दिवस झाले, काहीच उत्तर नाही. दोन टिक दिसतात पण निळ्या होत नाहीत. नव्या नोकरीच्या अर्जात संदर्भ म्हणून त्यांचं नाव द्यायचं आहे, अर्ज येत्या गुरुवारपर्यंत भरायचाय. त्यांनी ब्लॉक केलं असेल का? परत मेसेज केला तर चिकटपणा वाटेल का?

उत्तर:

आधी ब्लॉकची शंका मिटवू. दोन टिक आल्या याचा अर्थ मेसेज त्यांच्या फोनवर, किंवा त्यांच्या खात्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर, पोचला. ज्याने आपल्याला ब्लॉक केलंय त्याला पाठवलेला मेसेज कायम एका टिकवर राहतो. म्हणजे तुमचं ‘हाय’ पोचलं तेव्हा तरी तुम्ही ब्लॉक नव्हता. त्यांचा फोटो किंवा ‘लास्ट सीन’ दिसत नसेल तर त्यावरून काही ठरवू नका. अनेकजण या दोन्ही गोष्टी फक्त सेव्ह केलेल्या नंबरांना दिसतील असं ठेवतात. ऑफिस सुटल्यावर त्यांनी फोन बदलला आणि तुमचा नंबर सेव्ह राहिला नाही, तरी तुम्हाला हेच दिसेल.

आता टिक निळ्या का नाहीत. ‘रीड रिसीट्स’ बंद असतील तर मेसेज वाचला तरी टिक करड्याच राहतात. हे तपासायची सोपी खूण आहे. त्याच चॅटमध्ये वर जा आणि त्यांनी पूर्वी ज्या मेसेजला उत्तर दिलंय तो तुमचा मेसेज बघा. उत्तर आलंय आणि तरीही त्या मेसेजच्या टिक करड्या आहेत, तर त्या वेळी दोघांपैकी एकाच्या रिसीट्स बंद होत्या. स्वतःचं सेटिंगही बघून घ्या: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग रीड रिसीट्स. ते तुम्ही बंद ठेवलं असेल तर समोरच्याच्या निळ्या टिक तुम्हालाही दिसत नाहीत, आणि मग चार दिवसांचा हा सगळा अंदाजच फुकट जातो.

रिसीट्स दोन्हीकडे चालू आहेत असं धरलं, तरी करड्या टिकचा अर्थ ‘बघितलं नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की चॅट उघडलं नाही. ‘हाय मॅडम’ हे दोन शब्द नोटिफिकेशनमध्येच पूर्ण दिसतात, त्यामुळे वाचायला चॅट उघडावंच लागत नाही. तुमचं चॅट त्यांनी कधीतरी आर्काइव्ह केलं असेल तर आणखी एक अडचण. नव्या मेसेजने ते आपोआप बाहेर येत नाही, तिथेच पडून राहतं, आणि त्याचं नोटिफिकेशनही वाजत नाही.

पण मला वाटतं तुमच्या बाबतीत खरं कारण मेसेजमध्येच आहे. त्यांच्या बाजूने बघा. बऱ्याच दिवसांनी एका जुन्या सहकाऱ्याचं नुसतं ‘हाय’ आलंय. काम काय, किती वेळ लागेल, घाई आहे का, यातलं काहीच कळत नाही. उत्तर म्हणून ‘हाय, बोला’ एवढंच लिहिता येतं, आणि ते लिहिलं की पुढचं टाइप होईपर्यंत फोन हातात धरून बसायला लागतं. मग जे काही मागितलं जाईल त्याला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणावं लागतं. कामाच्या मध्ये असलेला माणूस हे मागे ढकलतो. तासाभरात दहा नवी चॅट वर येतात आणि तुमचं खाली जातं. यात राग असतोच असं नाही. त्यांच्यापुढे उत्तर देण्यासारखा प्रश्न अजून आलेलाच नाही.

म्हणून हो, परत मेसेज करा. चिकटपणा तेव्हा वाटतो जेव्हा दुसरा मेसेजही रिकामा असतो: ‘हॅलो?’, ‘मॅडम??’, नुसतं प्रश्नचिन्ह, हात जोडलेली इमोजी. त्यातून त्यांना एकच कळतं, की आपण उत्तर दिलं नाही याची नोंद ठेवली जातेय. ‘चार दिवसांपूर्वी मेसेज केला होता, बघितला नाही वाटतं’ हेही तसंच. जुन्या ‘हाय’चा उल्लेखच नको. ते डिलीट करण्याच्या भानगडीतही पडू नका. मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांतच तो एडिट करता येतो आणि दोन दिवसांपेक्षा थोड्या जास्त वेळातच सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तुमच्या दोन्ही मुदती गेल्यात. मुदतीत डिलीट केलं असतं तरी तिथे ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते, आणि ती ‘हाय’पेक्षा जास्त डोळ्यात भरते.

दुसरा मेसेज असा लिहा की त्याला एका शब्दात उत्तर देता येईल. तुमच्यासाठी साधारण असा होईल, नाव आणि तपशील तुमचे घाला:

‘नमस्कार मॅडम, मी (नाव आणि आडनाव), 2019 ते 2021 तुमच्या अकाउंट्स टीममध्ये होते. नव्या नोकरीच्या अर्जात संदर्भ म्हणून तुमचं नाव आणि हा नंबर देऊ का? त्या कंपनीकडून तुम्हाला एक फोन येईल, साधारण दहा मिनिटांचा. माझं काम आणि वागणूक याबद्दल विचारतील. अर्ज गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरायचा आहे, त्यामुळे बुधवारपर्यंत कळलं तर बरं होईल. जमण्यासारखं नसेल तर तसं निःसंकोच कळवा, मी दुसरं नाव देईन.’

यातला क्रम महत्त्वाचा आहे. नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, म्हणून तुम्ही कोण आणि काय विचारताय हे तिथेच यायला हवं. ‘कशा आहात, बरेच दिवसांत बोलणं नाही, घरी सगळे बरे ना’ याने सुरुवात केली तर नोटिफिकेशनमध्ये पुन्हा ‘हाय’च दिसेल, फक्त लांब झालेलं. ख्यालीखुशाली विचारायचीच असेल तर शेवटी एक ओळ पुरे. नाव पूर्ण लिहा आणि कुठे, कधी सोबत होता तेही लिहा, कारण नंबर सेव्ह नसेल तर त्यांना नुसते आकडे दिसतायत.

दहा मिनिटांचा उल्लेख यासाठी की ‘संदर्भ द्या’ म्हटल्यावर लोकांच्या मनात पत्र, सही, लेटरहेड असं सगळं येतं. काम नेमकं किती आहे हे कळलं की हो म्हणणं सोपं जातं. अर्थात, ती कंपनी फोन करते की ईमेलवर फॉर्म पाठवते हे आधी विचारून घ्या आणि तेच लिहा.

मुदत वाराने सांगा. ‘उद्यापर्यंत’ कधीच लिहू नका. मेसेज सोमवारी पाठवला आणि त्यांनी मंगळवारी रात्री वाचला, तर त्यांचा ‘उद्या’ बुधवार होतो, तुमचा कधीच होऊन गेलेला असतो. तुमची खरी वेळ गुरुवार असली तरी त्यांच्याकडून बुधवारी मागा, म्हणजे नकार आला तर दुसऱ्या कुणाला विचारायला एक दिवस हाताशी राहील.

शेवटचं ‘जमण्यासारखं नसेल तर’ हे वाक्य काही जणांना उगाच नकाराला वाट करून दिल्यासारखं वाटतं. ते काढू नका. नाही म्हणायचा संकोच हे गप्प राहण्याचं एक मोठं कारण आहे. नकार सोपा केला की निदान उत्तर येतं, आणि तुम्हाला पुढची सोय करता येते.

हे सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा. ओळीओळीने पाच मेसेज गेले तर फोन पाचदा वाजतो आणि पहिली नजर पडते ती शेवटच्या तुकड्यावर. वेळ कामाच्या दिवशी सकाळची किंवा दुपारची निवडा. रात्री उशिरा गेलेला मेसेज झोपेत उघडला जातो, न वाचलेल्याची खूण जाते आणि सकाळी त्याची आठवण राहत नाही.

सोमवारी सकाळी पाठवलात तर बुधवार दुपारपर्यंत काही करू नका. ‘ऑनलाइन’ दिसतायत का, स्टेटस टाकलंय का हे बघत बसू नका, त्यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. बुधवारी दुपारी एक साधा फोन करा, एकदाच. उचलला नाही तर लगेच दुसरा लावू नका, पाठोपाठ दोन फोन आले की माणसाला काहीतरी विपरीत घडल्यासारखं वाटतं. त्यांचा ईमेल पत्ता असेल तर तोच मजकूर तिथे पाठवा. तरीही काही आलं नाही, तर ते नाही आहे असं समजा आणि दुसऱ्या व्यक्तीला विचारा. परवानगी न घेता त्यांचं नाव अर्जात घालू नका. तयारी नसलेल्या माणसाला अचानक असा फोन गेला तर तो ‘हो, होत्या आमच्याकडे’ एवढंच बोलतो, आणि ते ऐकणाऱ्याला तक्रारीसारखं वाटू शकतं.

दुसऱ्या मेसेजच्या टिक निळ्या झाल्या आणि उत्तर नाही, तर बुधवारचा फोन चालेल, पण तिसरा मेसेज नको. दुसरा मेसेज एकाच टिकवर अडकला, तर चित्र वेगळं आहे: फोन बंद आहे, नेट नाही, नंबर बदललाय, किंवा आता खरंच ब्लॉक केलंय. यातलं नेमकं कुठलं हे बाहेरून कळत नाही आणि कळू नये अशीच सोय आहे. जुन्या ऑफिसमधल्या कुणाला तरी ‘मॅडमचा नंबर हाच आहे ना’ एवढंच विचारा. तुमचा निरोप त्यांच्यामार्फत पोचवू नका. न पोचलेला मेसेज सर्व्हरवर 30 दिवसच राहतो, त्यानंतर काढून टाकला जातो, त्यामुळे ‘कधीतरी मिळेलच’ या भरवशावर राहता येत नाही.

इथले टिकचे अर्थ दुसऱ्या अ‍ॅपला लावू नका. टेलिग्रामवर एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरवर गेला आणि दुसरी टिक म्हणजे वाचला. पोचल्याची वेगळी खूण तिथे नाही. इन्स्टाग्रामवर तुम्हाला फॉलो न करणाऱ्याला पाठवलेला मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो आणि त्यांनी ती स्वीकारेपर्यंत तो एकच मेसेज पाठवता येतो. तिथे ‘हाय’ लिहिलं की ती एक संधी त्यातच संपते.

आणि हे सगळं करायच्या आधीच मॅडमचं ‘हो, बोला’ आलं, तर पुन्हा ‘कशा आहात?’ने सुरुवात करू नका. वरचा मजकूर आजच नोट्समध्ये लिहून ठेवा आणि त्याच मिनिटाला पूर्ण पाठवा, कारण त्या क्षणी फोन त्यांच्या हातात आहे.